सिम बंद होणार, केवायसी करा असा मेसेज: आमच्या अप्पांचे पैसे गेले, आता काय करू?

देवगडचा_मंदार (मंगळवार, दुपारी ३.२०)

लोकहो, डोकं चालत नाहीये, म्हणून जरा विस्कळीत लिहितोय, सांभाळून घ्या.

मी ठाण्यात, आईअप्पा गावी, देवगडपासून आत. अप्पा ७१ वर्षांचे. सध्या आंबा काढणी जोरात आहे, सकाळी कलमात जायचं, झेल्याने आंबा उतरवायचा, दुपारी पडवीत बसून पेट्या भरायच्या, आणि सगळ्या ऑर्डरी फोनवर. अप्पांचा हा नंबर १५ वर्षांचा जुना, पुण्यामुंबईची गिऱ्हाईकं ह्याच नंबरवर फोन करतात. म्हणजे नंबर बंद होणार म्हटल्यावर माणूस घाबरणारच ना.

आज सकाळी मेसेज आला, इंग्रजीत होता, मी मराठीत सांगतो: तुमच्या सिमचं केवायसी सस्पेंड झालंय, २४ तासांत सिम बंद होईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. खाली दहा आकडी मोबाईल नंबर. अप्पांनी केला फोन. पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी अदबीने, अंकलजी अंकलजी करत. म्हणाला ऑनलाईन होऊन जाईल, दुकानात जायची गरज नाही, एक ॲप टाका. अप्पांनी प्ले स्टोअरवरून टाकलं. मग त्यात दिसणारा नऊ आकडी नंबर वाचून दाखवायला लावला. मग म्हणे केवायसी ॲक्टिव्ह करायला फक्त १० रुपयांचं रिचार्ज मारा, आणि एक लिंक पाठवली. तिथे अप्पांनी डेबिट कार्डाचे सगळे आकडे टाकले. ओटीपी तोंडाने सांगितला नाही अशी शपथ घेतायत.

पाच मिनिटांनी पैसे गेल्याचे मेसेज. ११.४२ ला २४,९९९. ११.४४ ला १९,९९९. मग अजून एक ९,८०० चा. एकूण ५४,७९८. मी ऑफिसात मीटिंगमध्ये, फोन सायलेंट, त्यामुळे मला दीड वाजता कळलं.

आता १) ओटीपी न सांगता पैसे गेले कसे २) परत मिळतील का ३) सिम खरंच बंद होणार का? अप्पा अजून तिसऱ्याचीच काळजी करतायत.

नाना_गुहागर (दुपारी ३.३१)

वाईट वाटलं वाचून. पण एक सांगतो, सगळेच मेसेज खोटे नसतात. २०१७ ला आम्हाला असेच मेसेज यायचे, आधार जोडा नाहीतर सिम बंद, आणि ते सरकारचेच होते. मी स्वतः दुकानात जाऊन अंगठा लावून आलो. तेव्हा आधी गूगलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधा आणि केवायसी बाकी आहे का ते विचारून घ्या, नाहीतर पैसे गेले ते गेले आणि वर सिमही जायचं.

रापणकार (दुपारी ३.३८)

माका पण असोच मेसेज इललो. मी मुद्दाम फोन केलंय. तो हिंदीत बोलूक लागलो, मी मालवणी सोडूक नाय. धाव्या मिन्टाक त्येनाच फोन ठेयलो.

(मंदार, हसण्यावारी नेत नाय हां. अप्पांका सांग, चूक तेंची नाय.)

जुई_रत्नागिरी (दुपारी ३.४०)

मंदार, बाकी सगळं नंतर. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केलास का? केला नसशील तर हे वाचणं थांबव आणि लाव. लागला नाही तर लावत राहा, नाहीतर cybercrime.gov.in वर थेट तक्रार भर. अप्पांचा फोन आत्ता बंद आहे की चालू? ते ॲप त्यात अजून आहे का?

देवगडचा_मंदार (दुपारी ३.४४)

फोन चालू आहे. ॲप आहे बहुतेक, त्यांनी काही काढलं नाही. फोन कट केला होता की. १९३० लावतो.

जुई_रत्नागिरी (दुपारी ३.५२)

फोन कट केला म्हणजे स्क्रीन कट होत नाही रे! हीच तर गोम आहे. आईंच्या फोनवर कॉल कर आणि अप्पांच्या फोनचं इंटरनेट आधी बंद करायला सांग, वायफाय असेल तर तेही. मग ॲपचा आणि त्या मेसेजचा फोटो आईंच्या फोनवरून काढून ठेवा, आणि मगच ॲप काढा.

मी बँकेत आहे, गेल्या दोन वर्षांत असे बरेच जण काउंटरवर येऊन रडलेत, म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. ते ॲप म्हणजे स्क्रीन दाखवणारं ॲप. तो नऊ आकडी नंबर म्हणजे त्या फोनचा पत्ता, तो दिला आणि पुढे 'सुरू करा' वर बोट ठेवलं की अप्पांच्या फोनवर जे दिसतं ते सगळं त्याला दिसतं. ॲप स्वतः चोर नाही, ऑफिसात कॉम्प्युटरवाले रोज वापरतात, म्हणून प्ले स्टोअरवर उजळ माथ्याने बसलेलं असतं.

आता लोकांना वाटतं चोर बँकेचं ॲप उघडतो. बहुतेक वेळा तसं नसतं. बऱ्याच बँकांची ॲप स्क्रीन शेअरिंग चालू असलं की काळी दिसतात किंवा उघडतच नाहीत. त्याला ते ॲप नकोच असतं. त्याला हवं असतं कार्डाचे १६ आकडे, मुदत, मागचे तीन आकडे, आणि ओटीपीचा मेसेज. बऱ्याच फोनांवर मेसेज काही काळा होत नाही. १० रुपयांचं रिचार्ज हे फक्त अप्पांच्या हातून कार्ड टाईप करून घ्यायला. तिकडे तो तेच कार्ड दुसरीकडे २४,९९९ ला टाकतो, ओटीपी अप्पांच्या फोनवर वरच्या पट्टीत येतो, तो वाचतो. अप्पांनी तोंड उघडलंच नाही, खरं बोलतायत ते.

सोलकढी (दुपारी ४.०५)

माझ्या सासऱ्यांचं सिम पण असंच बंद झालं होतं गेल्या वर्षी, मेसेज येत होते पण आम्ही लक्ष दिलं नाही, आणि मग खरंच बंद झालं, नवीन सिम घ्यावं लागलं. तेव्हा मेसेज एकदम दुर्लक्ष करण्यासारखे पण नसतात ना??

जुई_रत्नागिरी (दुपारी ४.१२)

सोलकढी, सासऱ्यांनी त्या नंबरवरून किती दिवसांत फोन, मेसेज, नेट काही वापरलं नव्हतं?

सोलकढी (दुपारी ४.१५)

अगं तो जुना नंबर होता, ते मुलीकडे बेंगलोरला गेले चार महिने, दुसरं सिम वापरत होते.

जुई_रत्नागिरी (दुपारी ४.२१)

मग ते वेगळं. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसतील तर तो काढून घेतात. त्याचा केवायसीशी संबंध नाही.

आणि नाना, तुमचं अर्धं बरोबर आहे. २०१७-१८ ला आधार जोडणीचे मेसेज खरे होते, आणि माझ्या मते त्याचमुळे आपल्या वयस्कर माणसांना हे मेसेज खरे वाटतात. पण सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ती सक्ती काढली. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की दुकानात जाऊन अंगठा लावलात. कोणाच्या मोबाईल नंबरवर फोन करून केवायसी तेव्हाही नव्हतं.

गूगलवर कस्टमर केअर शोधायचा सल्ला मात्र कृपा करून कोणी घेऊ नका, त्या निकालांत चोरांनीच टाकलेले नंबर असतात. माझ्याकडे आलेल्या एका मत्स्य व्यावसायिकाला मेसेज वगैरे काही आला नव्हता, त्याने स्वतः नंबर शोधला आणि स्वतः फोन केला. आपल्या त्याच सिमवरून १९८ लावा, तक्रारीचा नंबर, सगळ्या कंपन्यांना तोच.

नाना_गुहागर (दुपारी ४.३०)

ठीक आहे, गूगलचं मागे घेतो. पण मग खरी पडताळणी होतच नाही का? आमच्या शेजारच्या मुलाच्या नावावर बारातेरा सिम होती, त्याला खरंच नोटीस आली होती.

तांबडी_माती (दुपारी ४.४८)

नाना, होते. मी कंपनीच्या दुकानात सहा वर्षं काढली आहेत (आता सोडलं, सुपारीचं बघतो). एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम असतील तर पडताळणी लागते, २०२१ च्या डिसेंबरात तसा आदेश निघाला. पण त्याची चाल बघा: आधी कळवतात, मग ३० दिवसांनी आउटगोइंग बंद, ४५ दिवसांनी इनकमिंग बंद, आणि कोणी फिरकलंच नाही तर ६० दिवसांनी नंबर बंद. आजारी, अपंग, परदेशी असलेल्यांना अजून ३० दिवस. २४ तास हा आकडा त्या आदेशात कुठेच नाही. आणि पडताळणी म्हणजे माणूस समोर बसवून फोटो काढणं, १० रुपये घेणं नव्हे.

आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचारसाथीवर (sancharsaathi.gov.in) बघता येतं. अप्पांचं एकदा बघून घे मंदार, हे लोक कधीकधी आधारचा फोटोही मागतात.

कोळंबी_थाळी (दुपारी ५.०२)

मेसेज कुठल्या नंबरवरून आला ते बघा, दहा आकडी असेल तर फ्रॉड आणि अक्षरांचा असेल तर खरा. साधा नियम. बाकी संचारसाथीवरच्या चक्षूवर तक्रार टाका, तेच सगळं बघतात.

तांबडी_माती (दुपारी ५.१५)

साधा नियम अर्धवट आहे भाऊ. दहा आकडी नंबरवरून आला तर फ्रॉड हे बरोबर. पण अक्षरं दिसली म्हणून खरा असं नाही, अक्षरांची नावंही आधी गैरवापरात आलेली आहेत. आता नावाच्या शेवटी सरकारी असेल तर जी, सेवेचा असेल तर एस असं अक्षर लागतं, ते बघायला बरं, पण मी तरी भरवसा मेसेजच्या आतल्या गोष्टीवर ठेवीन. आत फोन करायला दहा आकडी मोबाईल नंबर दिलाय का? दिलाय ना, मग वरचं नाव बघायचीही गरज नाही.

आणि चक्षू हे पैसे जायच्या आधीसाठी. मेसेज आला, संशय आला, टाका तिथे, नंबर बंद करतील. पैसे गेले असतील तर तिथे टाकून वेळ घालवू नका, ते १९३० चं काम.

देवगडचा_मंदार (संध्याकाळी ६.१०)

१९३० लागला, २५ मिनिटं गेली. बाईंनी तिन्ही व्यवहारांचे नंबर मागितले, वेळ मागितली, अप्पांचा खाते क्रमांक. मेसेजवर पोचनंबर आला आणि २४ तासांत पोर्टलवर बाकीची तक्रार पूर्ण करा म्हणाल्या. आता स्कॅन करतोय. बँकेत चुलतभाऊ गेला, मॅनेजर म्हणाले ओटीपी तुमच्याच फोनवर आला, म्हणजे तुमची चूक, बँक काही करू शकत नाही. बोळवण केली सरळ.

आणि हो, आई म्हणतेय तिने तिच्या फोनवरून कार्डामागच्या नंबरवर फोन केला होता, कार्ड बंद करा म्हणून. मला वाटलं नंतर केला असेल.

जुई_रत्नागिरी (संध्याकाळी ६.१६)

किती वाजता??? आणि तिसरा व्यवहार किती वाजता? दोन्ही वेळा बघून लिही, अंदाज नको. आईंच्या फोनमधली कॉल यादी बघ.

देवगडचा_मंदार (संध्याकाळी ६.४०)

आईला रेंजच नव्हती घरात, ती खळ्याच्या कोपऱ्यात फणसाखाली जाऊन बोलली, आमच्याकडे रेंज तेवढीच. कॉल १२.०४ ला लागलाय, ६ मिनिटं ४० सेकंद. तिसरा व्यवहार ९,८०० चा, १२.११ ला.

जुई_रत्नागिरी (संध्याकाळी ७.०५)

मग ऐक. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाची जबाबदारी किती यावर. त्यात सरळ लिहिलंय की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. पहिले दोन, ११.४२ आणि ११.४४, हे कळवण्याआधीचे, तिथे भांडण कठीण आहे. पण १२.०४ ला लागलेला कॉल १२.११ च्या आधीचा आहे. ते ९,८०० बँकेने सोसायचे.

म्हणून उद्या चुलतभावाला तोंडी बोलायला पाठवू नकोस. लेखी दे, दोन प्रती, दुसऱ्यावर शिक्का घ्यायचा. त्यात कॉल यादीचा स्क्रीनशॉट, तिन्ही मेसेज, १९३० चा पोचनंबर. कॉलमध्ये तक्रार नंबर सांगितला होता का ते आईंना आठवतं का बघ. बँकेकडे रेकॉर्डिंग असतं, ते जपून ठेवा असं लिही अर्जातच.

पहिल्या दोनांचंही सोडू नकोस. निष्काळजीपणा होता हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकानुसार बँकेवर आहे. अप्पांनी ओटीपी दिला नाही, चोरून वाचला गेला, असा मुद्दा मांडता येतो. चालेल की नाही मी सांगू शकत नाही, माझ्याच शाखेत एक जिंकलाय आणि एक हरलाय. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in वर, फुकट आहे, वकील लागत नाही.

कोळंबी_थाळी (संध्याकाळी ७.२२)

पण जुईताई, कॉलवर आयव्हीआरमध्येच सहा मिनिटं गेली असतील तर? बँक म्हणेल कळवलंच नाही, नुसतं एक दाबा दोन दाबा ऐकलं.

जुई_रत्नागिरी (संध्याकाळी ७.२५)

तोच कळीचा प्रश्न आहे. मंदार, आई माणसाशी बोलली की मशीनशी?

देवगडचा_मंदार (रात्री ८.०२)

विचारलं. म्हणाली आधी गाणं वाजत होतं, मग एक मुलगी बोलली, तिने जन्मतारीख विचारली, अप्पांची जन्मतारीख आईला चटकन आठवेना. मग आठवली. मग म्हणाली कार्ड बंद करते. किती वाजता म्हणाली ते कोण सांगणार. तक्रार नंबर दिला असेल, आईने लिहून नाही घेतला, हातात चिकाचा काळा डाग होता म्हणे.

पडवीतला_पाय (रात्री ८.३०)

मी काय म्हणतो, फोन पूर्ण फॉरमॅट करून टाका, व्हायरस असेल.

तांबडी_माती (रात्री ८.४१)

नका करू अजून. मेसेज, कॉल यादी सगळं जाईल, पुरावाच तोच आहे. ॲप काढलं, कार्ड बंद केलं, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले, सध्या एवढं पुरे. एक मात्र बघा, कॉल फॉरवर्ड लावून गेलाय का. काही चोर बोलता बोलता एखादा कोड डायल करायला लावतात आणि तुमचे फोन त्याच्याकडे वळतात, मग ओटीपी सांगणारा बँकेचा कॉलही तिकडेच. एप्रिल २०२४ पासून कोडवरून फॉरवर्डिंग सुरू करणं कंपन्यांनी बंद ठेवावं असा आदेश आहे, तरी मी बघून घेतो, सेकंदाचं काम. पहिला बघायला, दुसरा काढायला:

```
*#21#
##002#
```

काही सिमवर पहिला चालत नाही, मग फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन बघा.

देवगडचा_मंदार (आठ दिवसांनी, बुधवार, सकाळी १०.१५)

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी व्यनि केला होता.

१९,९९९ दुसऱ्याच एका खात्यात गेले होते, तिथे होल्ड लागलाय, मेसेज आला. पण होल्ड म्हणजे हातात नाही, सोडवायला किती दिवस लागतील ते पोलिसांनी नाही सांगितलं. २४,९९९ चे कुठलेतरी गिफ्ट व्हाउचर घेतले गेले आणि ते वापरूनही झाले. आम्ही ३.४४ ला १९३० लावायला घेतला, चार तास उशीर, त्याने काय फरक पडला असता ते आता कळायला मार्ग नाही, पण रात्री झोपताना तेच डोक्यात असतं.

बँकेत लेखी दिलं, शिक्का मिळाला. ९,८०० बद्दल विचारात घेऊ म्हणाले. जुईताई, मॅनेजरनी परिपत्रकाचं नाव काढल्यावर खुर्ची दिली बसायला.

आणि काल अप्पांना परत फोन! सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ५४ हजार मिळालेत, सोडवायला २,५०० भरा. आकडा बरोबर सांगितला मेल्याने. अप्पांनी ऐकून घेतलं आणि ठेवला.

रापणकार (सकाळी १०.२६)

आकडो बरोबर म्हंजे तोच टोळको. दुसरो कोण सांगतलो?

नाना_गुहागर (सकाळी १०.४०)

किंवा तक्रारीतूनच बाहेर गेला असेल. सांगता येत नाही आजकाल.

सोलकढी (सकाळी ११.०५)

मंदार, अप्पांकडच्या पेट्या सुरू आहेत ना अजून? नंबर तोच आहे का?

देवगडचा_मंदार (सकाळी ११.२०)

तोच आहे. २४ तास होऊन सात दिवस झाले, अजून बंद व्हायचाय.

सोलकढी (सकाळी ११.२२)

मग मला दोन पेट्या. पैसे पुण्याच्या गाडीवाल्याकडे रोख देते, अप्पांना सांग.